०.३७ की ०.३६७३? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

«सर, मागच्या लेखात तुम्ही मातीचा सेंद्रिय कर्ब ०.३७ टक्के लिहिला. तुमचेच आकडे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाकले तर ०.३६७३ येतो. पुढचे आकडे कुठे गेले? तराजू चार दशांश दाखवतो असं तुम्हीच लिहिलंय. त्याखाली सेंद्रिय पदार्थ ०.६४ टक्के लिहिलाय, मला ०.६३३३ येतो. म्हणजे राउंड ऑफच्या नावाखाली उत्तरच चुकवलं. माझा भाचा प्रॅक्टिकलला चार आकडे लिहितो तर त्याचे मार्क कापतात. हा कुठला न्याय?»

भाऊ, आधी माझी चूक कबूल करतो. ०.६४ चुकलंच, तिथे ०.६३ हवं होतं. कर्बाचं उत्तर ०.३७ असं लिहून झालं आणि पुढे सेंद्रिय पदार्थ काढायला मी कागदावरचं तेच ०.३७ उचललं. त्याला १.७२४ ने गुणलं, ०.६३८ आलं, म्हणून ०.६४ लिहिलं. तुम्ही कॅल्क्युलेटरमध्ये होता तो अख्खा ०.३६७३४६९ तसाच पुढे गुणला आणि तुम्हाला ०.६३३ मिळाला. इथे तुमची रीत बरोबर आहे. कागदावर लिहायचा आकडा एक आणि पुढच्या गणितात न्यायचा आकडा दुसरा. कापाकापी एकदाच, सगळं गणित संपल्यावर करायची. हीच चूक वर्गात दरवर्षी पाच-सात पोरं करतात आणि मी लाल शाईने गोल काढत बसतो, म्हणून जरा जास्तच लागलं.

पण ०.३६७३ मला मान्य नाही. त्यासाठी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून ब्युरेटपाशी यावं लागेल.

सुकवून, चाळून घेतलेली १.०० ग्रॅम माती. तिच्यात १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिली. अर्धा तास तसंच ठेवायचं, मग पाणी, फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनाइलअमाइनचे थेंब घालून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करायचं. माती न घालता केलेल्या ब्लँकला १९.६ मिली लागलं, माती असलेल्या फ्लास्कला १७.२ मिली. गणित असं: ब्लँकमधून सॅम्पल वजा करा, ब्लँकने भागा, १० ने गुणा, ०.००३ ने गुणा, १०० ने गुणा आणि मातीच्या वजनाने भागा.

आता वजाबाकीकडे बघा. १९.६ मध्ये तीन सार्थ अंक, म्हणजे मापातून खरोखर आलेले अंक, १७.२ मध्येही तीन. वजाबाकी २.४, त्यात उरले दोन. एक अंक तिथेच गळाला, आणि पुढे कितीही गुणाकार-भागाकार केले तरी तो परत येत नाही. वजाबाकीत एकूण अंक मोजत नाहीत, दशांशाचं घर मोजतात. दोन्ही रीडिंग पहिल्या घरापर्यंतच खरी, म्हणून फरकही पहिल्या घरापर्यंतच खरा. कॅल्क्युलेटरला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी २.४ म्हणजे २.४००००००.

हे सूत्राने पटत नसेल तर थेंबाने पटेल. ब्युरेटच्या तोंडातून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. आमच्या लॅबमध्ये पोरं शेवटाला आली की रंग गडद निळ्याचा हिरवा होतो, अन् तोही एकाच थेंबात. कोणी निळसर झाक असतानाच थांबतं, कोणी एक थेंब जास्त टाकून लख्ख हिरवा करतं. मागून आमचा अटेंडंट हमखास म्हणतो, «थांब नं बाप्पा, गेला थेंब!» त्या एका थेंबाने किती फरक पडतो ते काढा: ०.०५ ला १९.६ ने भागा, १० ने आणि ०.३ ने गुणा. ०.००७७ येतं. म्हणजे एक थेंब इकडे-तिकडे झाला की तुमचा ०.३६७३ एकतर ०.३५९७ होतो नाहीतर ०.३७५०. दुसऱ्या घरातला आकडाच थेंबावर हलतोय, आणि तुम्ही चौथ्या घरातल्या ३ साठी भांडताय. तो ३ मातीतून आलेला नाही, भागाकारातून आलाय.

सार्थ अंकांचे नियम तोंडपाठ करून घेण्यापेक्षा मी पोरांना एक घर हलवून बघायला लावतो. उत्तर आलं की ज्या आकड्यावर सगळ्यात कमी भरवसा आहे, त्याचं शेवटचं घर एकाने वाढवायचं आणि गणित पुन्हा चालवायचं. इथे २.४ च्या जागी २.५ टाका. ०.३६७ चं ०.३८३ होतं. दुसरं घर बदललं, म्हणून उत्तर दुसऱ्या घरापर्यंतच लिहायचं: ०.३७. त्यातला ७ सुद्धा डळमळीतच आहे, पण शेवटचा अंक डळमळीत असतो हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच्या मागे अजून दोन अंक लावले की तो ७ पक्का आहे असा भास होतो.

तराजूचं म्हणाल तर चार दशांशांचा तराजू छानच आहे, पण या प्रयोगात तो उपाशी बसलेला पहिलवान आहे. वजन १.०० ऐवजी १.०१ ग्रॅम भरलं, म्हणजे तराजूच्या शेवटच्या घराच्या शंभरपट चुकलं, तरी उत्तर ०.००३६ ने सरकतं. जेमतेम अर्धा थेंब. ब्युरेटवर मात्र ०.१ मिली म्हणजे २.४ चे चार टक्के. उत्तर किती अंकी लिहायचं हे सगळ्यात कच्चं माप ठरवतं, सगळ्यात महागडं यंत्र ठरवत नाही.

याच्या उलटही चूक होते आणि ती हुशार पोरं करतात. सूत्रात ०.००३ आहे, त्यात सार्थ अंक एकच, म्हणून उत्तरही एकाच अंकात लिहायचं असं म्हणत ते ०.४ लिहितात. हे साफ चूक. ०.००३ हे कोणी मोजलेलं नाही. कार्बनचा अणुभार १२, डायक्रोमेटशी होणाऱ्या अभिक्रियेत त्याला ४ ने भागायचं, ३ येतो, आणि मिलीसाठी हजाराने भागायचं. अणुभार नीट धरला तर तो आकडा ०.००३००३ भरतो, नुसतं ०.००३ लिहिण्याची फक्त सवय पडली आहे. शंभर तर टक्क्यांचे, ते मोजायचेच नाहीत. १० मिली हे पिपेटचं माप आहे, ते निदान १०.० तरी नक्की असतं. म्हणून सूत्रातला प्रत्येक आकडा मोजलेला आहे की ठरवलेला, हे आधी विचारायचं.

एकाच अंकात उत्तर लिहिण्याने कास्तकाराचं काय बिघडतं, ते दुसऱ्या नमुन्यावर दिसेल. तोच ब्लँक, पण सॅम्पलला १६.४ लागलं. फरक ३.२, कर्ब ०.४९. आपल्याकडच्या नेहमीच्या वर्गवारीत ०.५० च्या खाली म्हणजे कमी आणि ०.५० ते ०.७५ म्हणजे मध्यम. हेच उत्तर एका अंकात लिहिलं तर ०.५ होतं आणि एक ओळ न बदलता त्याचं वावर कमीतून मध्यममध्ये जातं. खताचा सल्ला त्यावर ठरतो. आणि बघा, फरक ३.३ आला असता तर कर्ब ०.५०५, म्हणजे ०.५१. ब्युरेट ०.१ पर्यंतच वाचायची म्हटली तर या ब्लँकवर ०.४९ नंतर थेट ०.५१ येतं. ०.५० कधी येणारच नाही! आपलं उत्तर पायऱ्या-पायऱ्यांनी चढतं आणि एक पायरी ०.०१५ ची आहे. सीमेवरच्या अशा नमुन्याचा निकाल चार दशांशांनी लागत नाही. तिथे टायट्रेशन परत करायचं.

आणि खरोखर जास्त अंक हवे असतील तर ते मातीतूनच मिळवावे लागतात. कपाशीच्या, तुरीच्या आपल्या काळ्या वावरांत कर्ब बहुतेक कमीच निघतो, म्हणून १ ऐवजी २ ग्रॅम माती घ्या. आता फरक २.४ ऐवजी ४.८ च्या आसपास येईल आणि पायरी अर्ध्यावर, ०.००७७ वर उतरेल. मग दुसऱ्या घरावर बरंच विसंबता येतं. तिसऱ्याला तरीही हात लावायचा नाही. मात्र माती वाढवायलाही हद्द आहे. सॅम्पलचं रीडिंग ४ मिलीच्या खाली आलं तर डायक्रोमेट चार-पंचमांशाहून जास्त खर्ची पडलंय, ते रीडिंग टाकून कमी माती घेऊन पुन्हा करायचं.

तुम्ही अमरावती-अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातले असाल तर अजून एक सांगतो. त्या मातीतलं क्लोराइड स्वतःच डायक्रोमेट खातं आणि कर्ब उगाच जास्त दिसतो. म्हणून तिथे सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात. ते घालायचं राहिलं तर उत्तर दोन अंकांत लिहा की दहा, चुकीचंच राहणार, आणि सार्थ अंक बघून ते ओळखूही येणार नाही. शिवाय वॉकली-ब्लॅकची ही पद्धत १९३४ ची. तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के धरतात, म्हणून काही लॅब उत्तर १.३ ने गुणतात. गुणलंय की नाही हे रिपोर्टवर लिहायला हवं. त्या एका ओळीवर पावपट-तीसटक्के फरक अवलंबून आहे, चौथ्या दशांशावर काहीच नाही.

भाच्याच्या मार्कांबद्दल माझं मत असं. ०.३६७ लिहिलं तर मी कापत नाही. एक अंक जास्त ठेवला तर आभाळ कोसळत नाही, आणि दोन की तीन यावर रुसणारे परीक्षक मला पटत नाहीत. ०.३६७३४६९ लिहिलं तर अर्धा मार्क कापतो, कारण त्याने कॅल्क्युलेटरचा पडदा उतरवला, स्वतःची ब्युरेट वाचली नाही. वजाबाकीची ओळ वेगळी लिहून तिच्याखाली रेघ ओढली असेल तर तो अर्धाही परत देतो.

मागच्या लेखात ०.६४ खोडून ०.६३ केलं आहे. भाच्याच्या वहीतलं ब्लँक आणि सॅम्पलचं रीडिंग इथेच खाली लिहून पाठवा, त्याचं शेवटचं घर एकाने हलवून बघू.