वर ये की वर जा?

पुण्यात जर्मन शिकताना मला 'हिन' आणि 'हेर' सगळ्यात सोपे वाटले होते. बोलणाऱ्यापासून लांब जायचं असेल तर हिन, त्याच्याकडे यायचं असेल तर हेर. बाईंनी फळ्यावर जिना काढला. वरचा माणूस म्हणतो 'हेराउफ', म्हणजे माझ्याकडे वर ये. खालचा म्हणतो 'हिनाउफ', म्हणजे इथून वर जा. आपल्याकडे हेच काम 'ये' आणि 'जा' बिनबोभाट करतात. परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण.

मग बर्लिनला आले आणि तिसऱ्या मजल्यावर सोफा चढवायची वेळ आली. लिफ्ट नाही. सोफ्याचं वरचं टोक एका मित्राकडे, खालचं माझ्याकडे. तळमजल्यावरचे आजोबा मदतीला, म्हणजे माझ्या बाजूला उभं राहून सूचना द्यायला आले. ते ओरडले, "राउफ!"

मी थांबले. राउफ हे हेराउफचं आखूड रूप. हेर म्हणजे बोलणाऱ्याकडे. बोलणारा तर इथे, माझ्या कोपराला कोपर लावून उभा! वर जाऊन यांच्याकडे कसं यायचं? तेवढ्यात वरून मित्रही ओरडला, "राउफ!" त्याचं मात्र नियमात बसत होतं. सोफा छातीशी धरून मी व्याकरण सोडवत राहिले आणि आजोबांना वाटलं, मुलीची दमछाक झाली.

नंतर कळलं की रोजच्या बोलण्यात, विशेषतः उत्तरेकडे, हिन बिचारा गळूनच पडलाय. बोलणारा कुठेही असो, वर म्हणजे राउफ, खाली रुंटर, आत राइन, बाहेर राउस. फरक पाळायचा तो लिहिताना. हे ठाऊक नसताना मी एका दुकानाच्या दारात 'हिनाइन' जाऊ का, असं विचारलं होतं. आतल्या बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी म्हटलं होतं, 'अंतर्भागी प्रवेश करू का?'

एवढं अंगवळणी पडेतो म्युनिकला बदली झाली. तिथे हिन-हेर जिवंत, फक्त शब्दाच्या शेपटीला जाऊन बसलेले. बवेरियन बोलीत 'आउफी' म्हणजे इथून वर जा, 'आउफा' म्हणजे माझ्याकडे वर ये. तसंच खाली जायला 'ओबी', खाली यायला 'ओबा'. ई लांबची, आ जवळचा. म्हणजे फळ्यावरच्या जिन्यातली ती दोन माणसं इथे राहायला आली होती तर! मी खूश. शेजारच्या काकूंकडे कॉफीला गेले, तेव्हा त्यांचं 'आउफा' ऐकून एका दमात जिना चढले.

निघताना मात्र घात झाला. 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आजीने जिभेवर कोरून ठेवलेलं. चपला घालता घालता मी हसून म्हटलं, "इश कोमे!" येते हं.

काकू दार धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कधी?"