विरघळून जाण्याची सोपी कृती

प्रेमात माणसानं दुधातल्या साखरेसारखं विरघळून जावं, असं म्हणतात. कृती अवघड नाही. सुरुवात चहापासून करा. तुम्हाला आलं ठेचलेला कडक लागतो, तिला वेलचीचा फिका. पहिल्याच आठवड्यात "मला काहीही चालतं" म्हणून मोकळे व्हा आणि वाक्य पाठ करून ठेवा, कारण पुढे सिनेमा, पडदे, सुट्टी, सासुरवाडी या सगळ्याला हेच उत्तर लागतं. म्हणताना चेहरा समजूतदार ठेवावा. बघणारे त्याला प्रेम समजतात. कालांतराने तुम्हीही.

मित्रांचं त्याहून सोपं. भांडायची गरज नाही. "या रविवारी नाही रे जमत" असं तीनदा म्हटलं की चौथ्यांदा ते विचारतच नाहीत. ग्रुप म्यूट करा, पण बाहेर पडू नका. बाहेर पडलं की लोक कारण विचारतात, आणि कारण तुमच्याकडे नसतं.

छंदाला मात्र जागा लागते. प्रस्तुत लेखकाचा तबला दिवाणाखाली गेला. कुणी ढकलला नाही. "शेजाऱ्यांना त्रास होत असेल का?" असं ती एकदा सहज म्हणाली होती. तो साधा प्रश्न होता, आम्ही त्याचा हुकूम करून घेतला आणि वर त्यागाचं समाधानही मिळवलं. (त्यागाचं एक बरं असतं, समोरच्याला कळवावा लागत नाही.)

आता धोक्याच्या खुणा. एका दुपारी एकटेच हॉटेलात बसलात, वेटरनं विचारलं, "काय आणू?" आणि तुमचा हात फोनकडे गेला, तर सावध व्हा. दुसरी खूण म्हणजे तीच एक दिवस वैतागून म्हणते, "तुझं स्वतःचं काही मतच नसतं का रे?" इतक्या मेहनतीनं विरघळल्यावर हे ऐकून घ्यायचं!

अशा वेळी पुन्हा स्वतः व्हायचं नसेल, तर पुढच्या गोष्टी कटाक्षानं टाळा.

दिवाणाखालचा तबला काढू नका. आम्ही काढला. खोळीवर दोन वर्षांची धूळ होती आणि वरची चामड्याची पुडी उतरलेली. काळी एक या स्वराला लागणारा तबला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाजत होता. बाजूचे लाकडी गठ्ठे हातोडीनं खाली ठोकले की चामड्याची वादी ताणली जाते आणि स्वर चढतो, एवढं हाताला आठवत होतं. पण एकदम जोरात ठोकलं तर पुडी फाटते. म्हणून वादीच्या पट्ट्यांमधल्या एका घरावर थोडं, मग समोरच्या घरावर थोडं, असं फिरत जावं लागतं, आणि उरलेलं बारीक काम पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर. स्वर लागायला पाऊण तास गेला. मग 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना' हा बोलांचा पहिला कायदा विलंबितात सुरू केला, तर दुगुनीतच, म्हणजे दुप्पट लयीतच, बोटं अडखळली. पूर्वीच्या वेगाचा हट्ट धरला असता तर तबला त्याच रात्री परत दिवाणाखाली गेला असता.

आणि पुन्हा स्वतः व्हायचंच असेल, तर "आजपासून मी बदललो" असं जाहीर करू नका, ते ऐकणाऱ्याला आरोपासारखं लागतं. "गुरुवारी सात ते आठ मी वाजवणार" एवढं सांगितलं की पुरतं. माफीचा लांबलचक मेसेज मित्राला पाठवू नका. आम्ही नुसता फोन केला. एकानं "जिवंत आहेस होय?" म्हणत चार शिव्या घातल्या आणि शनिवार ठरवला. दुसऱ्यानं उचलला नाही, अजूनही उचलत नाही. ते खातं बहुधा बंद झालं.

आणि सगळंच परत मागू नका. वेलचीचा चहा आम्ही एकटे असताना करून बघितला आणि आवडला. म्हणजे तो सोडलेला हट्ट नव्हता, आवडच बदलली होती. घरी कुणी नसताना काय मागवता, काय लावता, कुणाला फोन करावासा वाटतो, यावरून हा फरक कळतो.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवण्यासारखी नाही. गुरुवारच्या तासावर कुणी रुसलं तर समजून घेता येतं. पण त्यासाठी फोन तपासला जात असेल, किंवा "वाजवतो" हे सांगायचीच भीती वाटत असेल, तर तुम्ही विरघळलेले नसता, दबलेले असता. ते कुणातरी विश्वासाच्या माणसाला वेळेत सांगावं.

आमच्याकडे तिसऱ्या गुरुवारी स्वयंपाकघरातून आवाज आला, "लय पळतेय."

"नाही पळत."

"पळतेय. मी कूकरच्या शिट्ट्यांवर मोजतेय."

"कूकरला लय असते का?"

यावर बराच वेळ वाद झाला. दोन वर्षांतला पहिलाच. वेलचीचा चहा गार झाला.