सात दिवस बसून तर पाहा

माझ्याकडे 24 खुर्च्या आहेत आणि त्यातल्या 9 वर कोणीच बसत नाही. नागपुरात प्रतापनगरला दुसऱ्या माळ्यावर को-वर्किंग टाकली त्याला आता दीड वर्ष झालं, पण आईला अजूनही वाटते पोराने अभ्यासिका काढली. शेजारपाजारच्या काकूंनाही ती तेच सांगून राहिली, त्यामुळे महिन्यातून एखादा तरी एमपीएससीवाला पोरगा पुस्तकांचा गठ्ठा बगलेत मारून वर येतो, इकडेतिकडे पाहतो आणि विचारतो, "भाऊ, लॉकर आहे का? आणि रात्री किती वाजेपर्यंत चालू राहते?" मी महिन्याचे पैसे सांगितले की तो एकदा माझ्याकडे पाहतो, एकदा पंख्याकडे पाहतो आणि गठ्ठा उचलतो.

तर म्हणलं रिकाम्या खुर्च्यांसाठी फ्रीलान्सर लोकांना आणि दोन-चार माणसांच्या एजन्सीवाल्यांना मेल टाकू, एक आठवडा फुकट बसा, आवडलं तर पुढचं पाहू. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. तीन आठवडे गेले राजेहो.

पहिला मेल भाच्याने बनवला. त्यात सूर्योदय होता, लॅपटॉपवर हसणारी एक गोरी बाई होती, तुमच्या स्वप्नांना पंख वगैरे होतं, आणि सोबत 8 एमबीचा ब्रोशर. त्याने 140 पत्ते सरळ सीसीमध्ये टाकले. सव्वा तासात कोणीतरी सगळ्यांना उत्तर दिलं "मला यादीतून काढा", मग "मलाही काढा", मग "ज्यांना निघायचं आहे त्यांनी सगळ्यांना रिप्लाय करू नका" हेही सगळ्यांनाच, आणि एका लोगोवाल्या भाऊने त्याच धाग्यात 139 लोकांना आपलं रेटकार्ड पाठवलं. ऐकण्यात आलं की त्याला दोन कामं मिळाली. मला शून्य.

मग भाच्याला सुट्टी दिली आणि स्वतः बसलो. ठरवलं की दिवसाला दहाच मेल, एकेकाला वेगळा, ब्रोशर नाही, फोटो नाही, पहिल्या ओळीत त्याचं काम पाहून काहीतरी खरं लिहायचं आणि खाली अटी, साध्या मराठीत. मजकूर असा होता: "एक आठवडा येऊन बसा. पैसे नाही. वायफाय, एसी, चहा आहे." इतकंच. याच्यापेक्षा साधं काय असते? पण उत्तरं यायला लागली तेव्हा कळलं की त्या तीन वाक्यातला एकही शब्द साधा नव्हता.

सगळ्यात आधी "आठवडा". एक जण बुधवारी आला आणि पुढच्या मंगळवारपर्यंत बसतो म्हणाला, म्हणजे त्याचे सात दिवस. माझ्या डोक्यात सोमवार ते शनिवार, सहा दिवस, कारण रविवारी झाडूवाली मावशीच येत नाही. दुसऱ्याने विचारलं, मी तीन दिवस क्लायंटकडे आहे, ते दिवस पुढे ढकलता येतील का? एका ताईने तर सकाळचे अर्धे-अर्धे दिवस मिळून दोन आठवडे मागितले, आणि हिशोब तिचा बरोबर होता, मीच निरुत्तर झालो.

मग "पैसे नाही". मला वाटलं याच्यावर लोक उड्या मारतील, पण लोक बिचकले. एका एजन्सीवाल्याने सरळ फोन केला, "भाऊ, कार्ड नाही, डिपॉझिट नाही, मग तुम्हाला काय भेटते?" मी आधी ग्राहकांचा विश्वास वगैरे बोलायला लागलो तर समोरून आवाजच येईना. शेवटी चिडून खरं सांगितलं की बाप्पा, 9 खुर्च्या रिकाम्या आहेत, एसी त्यांच्यावरही चालूनच राहिला, तुम्ही बसले तर मला फक्त चहाचा खर्च, दिवसाचे दोन कप, कप 10 रुपयाचा, सहा दिवसाचे 120. तो हसला आणि सोमवारी येतो म्हणाला. तेव्हापासून रिकाम्या खुर्च्यांचं हे वाक्य थोडक्यात मेलमध्ये घातलं, आणि सांगतो, सगळ्यात जास्त उत्तरं त्याच वाक्याला आली. फुकट का देऊन राहिले हे कळलं की माणूस निवांत होतो.

"वायफाय" शब्दाने तर इज्जतच घेतली. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका पोराने विचारलं, अपलोड किती? मी ताठ मानेने म्हणलं 100. तो म्हणे ते डाऊनलोड असेल, अपलोड सांगा, आणि सकाळी 9 चं नको, सगळे बसले असताना सांगा. म्हणून दुपारी 4 वाजता, 15 जण बसलेले असताना मोजलं तर 38 आलं. त्याची एका लग्नाची फाईल 40 जीबीची. त्याने तिथेच फोनवर हिशोब केला, दोन तास वीस मिनिटं, तेही सगळी लाईन त्याला एकट्याला दिली तर, म्हणजे तेवढा वेळ बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडकून अडकून चालणार. तर आता मेलमध्ये लिहिलं आहे: "अपलोड दुपारी 4 वाजता 38 एमबीपीएस. मोठ्या फाईली संध्याकाळी 7 नंतर लावून जा, सकाळपर्यंत मशीन चालू ठेवू."

एसीचंही तसंच. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की या गावात "एसी आहे" हे अर्धंच वाक्य असते, पुढचा प्रश्न लाईट गेल्यावर काय. कोराडीला वीज बनते, चिमण्या इथून दिसतात, आणि लाईट आपलीच जाते. आमच्या बिल्डिंगला जनरेटर आहे, मोठा आहे, पण तो फक्त लिफ्टसाठी. माझा इन्व्हर्टर पंखे, दिवे, राउटर आणि लॅपटॉप दोन तास ओढतो, एसी ओढत नाही. हे लिहावं की नाही यावर घरी चर्चा झाली. बायको म्हणाली, "अहो, असं लिहिलं तर कोण येईल?" मी म्हणलं, नाही लिहिलं तर तो येईल, मंगळवारी दुपारी 2 वाजता घामाघूम होईल आणि बुधवारी येणार नाही, वरून चार जणांना सांगेल. लिहिलं. दोघांनी त्यावरूनच नकार दिला, आणि खरं सांगू का, बरंच झालं, दोघांचेही दिवसभर परदेशी क्लायंटसोबत कॉल, ते माझ्या दोन तासांच्या इन्व्हर्टरवर टिकलेच नसते.

सगळ्यात अवघड गेली ती पैशाची ओळ, म्हणजे आठवड्यानंतरची. महिन्याचे 5,000 अधिक जीएसटी असं मी लिहीत होतो, सगळेच लिहितात. पण 18 टक्के लागून ते होतात 5,900. ज्याचा स्वतःचा जीएसटी नंबर आहे त्या एजन्सीला वरचे 900 पुढे आपल्या टॅक्समधून वळते करता येतात, तिच्यासाठी भाव 5,000 च राहिला. पण एकटा फ्रीलान्सर, ज्याची कमाई वर्षाला 20 लाखाच्या आत आणि नंबर काढलेलाच नाही, त्याच्या खिशातून पूर्ण 5,900 जातात आणि परत काही येत नाही. त्याला 5,000 वाचून आनंद होतो आणि बिल पाहून माझा राग येतो. म्हणून आता एकट्याच्या मेलमध्ये सरळ 5,900, एजन्सीच्या मेलमध्ये 5,000 अधिक जीएसटी. दोन मेल दोन भाव दिसतात म्हणून दोन मित्रांनी एकमेकांना दाखवून माझ्याकडे भांडायलाही येऊन पाहिलं. समजावता समजावता माझाच चहा थंड झाला.

एक गोष्ट मात्र मला सुचलीच नव्हती. एक साहेब आले, शर्ट इन केलेला, दोन दिवस शांत बसले, चहाही एकच घेतला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, एक छोटं संमतीपत्र आणि लाईटबिलाची झेरॉक्स द्या ना, जीएसटी नंबरसाठी इथला पत्ता टाकून देतो. म्हणजे माणूस सहा दिवसासाठी फुकटात आणि पत्ता कायमचा! उद्या तपासणीला साहेब आले, बोर्ड कुठे विचारलं, तर मी कोणती खुर्ची दाखवू? नाही म्हणलं तर ते दुखावले, म्हणे मेलमध्ये कुठे लिहिलं होतं. नव्हतंच लिहिलं. आता आहे: "या आठवड्यात इथला पत्ता नोंदणीसाठी वापरता येणार नाही."

तर असं करत करत तीन वाक्यांचा मेल, अपलोडच्या आणि पत्त्याच्या ओळी वर सांगितल्याच त्या सोडून, या रूपाला आला:

"सोमवार ते शनिवार, सकाळी 9 ते 7. ज्या दिवशी आले नाही तो दिवस गेला. कार्ड, डिपॉझिट नाही. 9 खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून देतो. एका वेळी चारच जणांना, नाहीतर पैसे भरून बसणाऱ्यांना कॉलची खोली भेटत नाही. लाईट गेली तर एसी बंद, बाकी दोन तास चालते. गाडी खालीच लावा, कार रस्त्यावर. नंतर राहायचं तर 5,900, सगळं धरून. नाही राहायचं तर काही बोलू नका, शनिवारी किल्ली ठेवून जा. आम्ही मागे लागून फोन करणार नाही."

शेवटच्या ओळीचा मला फार अभिमान होता. कारण जिमवाले, विमावाले, क्लासवाले, एकदा नंबर गेला की जन्मभर.

हा मेल 60 जणांना गेला. 14 जणांनी उत्तर दिलं, 9 आले, म्हणजे चार, मग चार, मग एक. त्यातले तीन राहिले. सहाव्या खुर्चीवरचा तो मितभाषी पोरगा, वेबसाईट बनवतो, तो नक्की राहील असं वाटलं होतं, सगळे दिवस वेळेवर आला, कप स्वतः धुतले, शनिवारी किल्ली टेबलावर ठेवून गेला. वाईट वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द, फोन केला नाही.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी चौकात तर्री पोह्याच्या ठेल्यावर दिसला. मी नजर चुकवली, तोच प्लेट घेऊन जवळ आला.

"काय भाऊ, सीट गेली का माझी?"

"तूच तर किल्ली ठेवून गेला."

"मग मेलमध्ये लिहिलं होतं ना शनिवारी ठेवा म्हणून."

"अरे, ते राहायचं नसेल तर!"

"मला राहायचं होतं," तो म्हणाला, तर्रीचा घोट घेऊन, "पण काही बोलू नका असंही लिहिलं होतं. म्हणलं तुम्ही विचाराल."

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. किल्लीची ओळ, दुरुस्ती.