डोळ्यापुढचं जाळं आणि कडेची चमक

"आईच्या (वय ६१) उजव्या डोळ्यापुढे कालपासून कोळ्याचं जाळं फिरतंय, अंधारात कडेला वीज चमकते. सोमवारपर्यंत थांबू का?"

थांबू नका, आजच दाखवा. या वयात डोळ्यातला जेलीसारखा गर आकसून मागच्या पडद्यापासून सुटतो. सुटताना पडदा ओढला जातो, तीच ही चमक. बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं, पण काहींचा पडदा फाटतो आणि दुखत मात्र काहीच नाही. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. थेंबांनी बाहुली मोठी करून पडदा अगदी कडेपर्यंत तपासायला सांगा. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, स्कूटी तुम्हीच चालवा. नुसती फाट असेल तर बहुधा लेसरने भागतं. पडदा सुटला तर ऑपरेशनच. काजळीसारखे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने सावली सरकू लागली, तर रात्रीही मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी गाठा.