रॅकवरच्या पाटीवर एकच किंमत का?

“शेल्फ टॉकरवर, म्हणजे रॅकला मालाखाली लावलेल्या पाटीवर, जितकी माहिती जास्त, तितका माल जास्त खपतो. एमआरपी, आपला भाव, टक्के सूट, रुपयांतली बचत, चार-पाच फायदे, ऑफरच्या अटी, सगळं एकाच पाटीवर आलं पाहिजे. पाटीवर जागा रिकामी सोडली म्हणजे ती फुकट गेली.”

किराणा सुपरमार्केट चालवणाऱ्यांमध्ये हा सल्ला सारखा फिरतो. त्याला नेहमीच्या एका पाटीवर घासून बघू. फिल्टर्ड शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा जार आहे आणि त्याखालच्या पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर हे लिहिलंय: “नवीन! शुद्ध! फिल्टर्ड शेंगदाणा तेल 5 लि., कोलेस्टेरॉल-फ्री, हृदयासाठी उत्तम, घरगुती चव, एमआरपी ₹1,050, आमचा भाव ₹925, 12% सूट, ₹125 बचत, ₹185 लिटर, स्टॉक असेपर्यंत, अटी लागू.”

आधी किमतींकडे बघा. रुपयांचे चार आकडे आणि वर एक टक्केवारी, पण गिऱ्हाइकाने द्यायचे आहेत ते फक्त 925. एमआरपी जारवर छापलेलीच असते, ती कार्डावर पुन्हा कशाला? 12% आणि ₹125 ही एकच सवलत दोन वेळा सांगितली आहे. राहिला लिटरचा भाव. तो उपयोगाचा आहे, कारण शेजारच्या एक लिटरच्या पिशवीशी तुलना त्यानेच होते. पण त्याची जागा रॅकच्या कडेच्या पट्टीवरच्या बारीक लेबलवर, आणि तिथे तो प्रत्येक तेलाला हवा, एकट्या या जारला नव्हे. कार्डावर ₹185 ठळक असेल, तर पाच लिटरचा जार 185 ला समजून काउंटरवर वाद घालणारा एखादा हमखास निघतो.

आता फायदे. इथे खोडरबर सढळ हाताने चालवावं लागतं. जे शेजारच्या प्रत्येक मालालाही लागू आहे, ते पहिलं जातं. कोलेस्टेरॉल वनस्पती तेलात नसतंच म्हणावं इतकं कमी असतं. सूर्यफूल घ्या, सोयाबीन घ्या, फरक नाही. म्हणजे ते सांगून हाच जार का घ्यावा, हे काही कळत नाही. “शुद्ध” हे गिऱ्हाइकाला रॅकपाशी उभं राहून तपासता येत नाही, म्हणून तेही जातं. “हृदयासाठी उत्तम” तर लगेच काढा: खाद्यपदार्थांच्या आरोग्यविषयक दाव्यांवर अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेचे 2018 चे नियम आहेत, आणि कंपनीने न केलेला दावा दुकानाने स्वतःच्या पेनाने करणं म्हणजे विकतचं दुखणं. “नवीन” हे तर महिन्याभरात खोटं होतं. मग उरतं काय? रिफाइंड तेलाचा वास प्रक्रियेत काढून टाकलेला असतो, फिल्टर्डमध्ये तो राहतो. फोडणीला शेंगदाण्याचा वास हवा असलेलं गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत असतं. तेव्हा कार्ड असं होतं:

फिल्टर्ड शेंगदाणा तेल, 5 लिटर
शेंगदाण्याचा वास टिकलेलं
₹925

“वास टिकलेलं” ऐवजी “घरगुती चव” चाललं नसतं का? नसतं, ते लोणच्यालाही लागतं, चकलीलाही.

अटींच्या बाबतीत मात्र त्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. अट लपवू नये, हे खरंच. पण “अटी लागू” लिहिल्याने एकही अट कळत नाही. 925 चा भाव फक्त ₹1,500 च्या वरच्या बिलावर मिळणार असेल, तर ती अट किमतीचाच भाग आहे. मग ती किमतीच्या लगेच खाली, वाचता येईल एवढ्या अक्षरात हवी: “₹1,500 च्या वरच्या बिलावर”. ते जमत नसेल तर त्या किमतीचं कार्डच लावू नका. “स्टॉक असेपर्यंत” काढून टाका आणि कार्डाच्या मागे ते उतरवायची तारीख लिहा. ती नोकरासाठी असते. ऑफर संपून बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये भाव बदलला आणि कार्ड तसंच लटकत राहिलं, की होणारं भांडण रचना कितीही सुबक असली तरी टळत नाही.

रिकाम्या जागेचा हिशेब अंतराने करायचा. गिऱ्हाईक ट्रॉली ढकलत चार-पाच फुटांवरून जातं. कार्ड रॅकला लावा, समोरच्या रॅकला पाठ टेकून उभे राहा आणि दुकानात काम न करणाऱ्या कुणाला तरी चालता चालता किंमत विचारा. थांबून, वाकून वाचावं लागलं, तर मजकूर अजून जास्त आहे. लोक जार उचलून छापील किंमत शोधत असतील किंवा दुकानातल्या पोराला “नक्की कितीला?” विचारत असतील, तर पाटी काम करत नाही असंच समजा. आणि प्रत्येक मालाला कार्ड लावलं, तर एकही दिसत नाही.

मिक्सर, प्रेशर कुकर अशा वस्तूंना हे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे माणूस थांबतो, वॉट आणि वॉरंटी ताडून बघतो. त्यासाठी तुलनेचा वेगळा तक्ता ठेवा, किंमतीचं कार्ड तरीही वेगळंच. तेलाचं नवं कार्ड लावाल, तेव्हा दोन आठवडे भाव, जागा आणि रॅकचा थर बदलू नका, आणि सणाचा आठवडा टाळा. नाहीतर खप वाढला तरी तो कार्डामुळे की दिवाळीमुळे, ते कळणार नाही.