सभागृहाचे आरक्षण कोणाच्याही नकळत कसे गायब करावे?

आपल्या न्यासाचे किंवा मंडळाचे सभागृह कार्यासाठी देण्याची सेवा आपल्याकडे आली असेल, आणि एखाद्याचे आरक्षण रद्द झाल्यावर ते कोणी रद्द केले हे ब्रह्मदेवालाही कळू नये अशी आपली इच्छा असेल, तर पुढील सूचना अवश्य अमलात आणाव्यात. अनामत भरून पावती घेतलेले माझ्या मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे आरक्षण नुकतेच एका संस्थेच्या नोंदीतून नाहीसे झाले आणि त्या जागी भलत्याच घरची मुंज उगवली. त्या संस्थेची ही कला इतरांनाही साधावी, एवढाच माझा हेतू आहे.

सर्वप्रथम, सर्व स्वयंसेवकांना मिळून एकच लॉगिन द्यावे आणि त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवावा. मग कोणीही काहीही बदलले तरी नोंदीत 'कार्यालय' एवढेच नाव उमटते, आणि 'कार्यालय' या गृहस्थांना जाब विचारण्याची सोय आजवर कोणी केलेली नाही.

याहून सोपे हवे असेल, तर गूगल शीटचा दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला संपादनाचा अधिकार द्यावा आणि तो व्हॉट्सॲप गटावर टाकून मोकळे व्हावे. मग लॉगिन न करता कोणी काही बदलले, तर इतिहासात 'कार्यालय'ही उरत नाही, 'अनामिक' उरतो.

बदलाचे कारण लिहिण्यासाठी रकाना ठेवूच नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. रद्द झालेल्या आरक्षणापुढे 'रद्द' असे लिहिण्याचा बावळटपणा न करता ती अख्खी ओळच काढून टाकावी. शीटमध्ये एकेका चौकटीचा संपादन-इतिहास पाहता येतो, पण ओळ काढल्याची नोंद तिथे येत नाही. त्यासाठी संपूर्ण फाइलचा आवृत्ती-इतिहास उघडावा लागतो, आणि कालांतराने त्यातल्या जुन्या आवृत्त्या एकत्र केल्या जाऊ शकतात. शिवाय वर्षारंभी शीटची प्रत काढून 'नवीन वर्ष' असे नाव दिले, की जुना इतिहास त्या प्रतीत येतच नाही. त्या संस्थेच्या चिटणीसांनी शीट माझ्यासमोर धरली आणि शांतपणे म्हणाले, "नोंदच नाही, म्हणजे आरक्षण झालेच नसणार." मी पावती पुढे केली. बऱ्याच विनवण्यांनंतर आवृत्ती-इतिहास उघडला गेला, तेव्हा ओळ रात्री साडेदहाला काढलेली दिसली, काढणारे अर्थातच 'कार्यालय'. लॉगिन अकरा जणांकडे होते. त्यांच्यापैकी एकाला आठवले की "रद्द करा म्हणून कोणाचा तरी फोन आला होता." कोणाचा, कोणी घेतला, फोन करणाऱ्याला पावती क्रमांक विचारला का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच आडनावाच्या दुसऱ्या कुटुंबाचा साखरपुडा त्या आठवड्यात रद्द झाला होता, असे मागाहून कळले. म्हणजे चुकीच्या ओळीवर बोट पडले असावे. 'असावे' म्हणतो, कारण सिद्ध करायला आधार उरलेलाच नाही.

सेवा सोडून गेलेल्या स्वयंसेवकांचा अधिकार काढून घेऊ नये, कारण त्याने माणसे दुखावतात.

आणि अधिकार मर्यादित करा असे कोणी सुचवलेच, तर "सगळे आपलेच आहेत, अविश्वास कशाला?" हे वाक्य तयार ठेवावे. अहो, अविश्वासाचा प्रश्नच कुठे येतो? ज्या मुलाने त्या रात्री ओळ काढलीच नाही, तोही आज संशयाखाली आहे आणि त्याला निर्दोष ठरवण्याचे साधन तुम्हीच नष्ट केले आहे! बदल करण्याचा अधिकार दोघांना पुरतो, एक नेहमीचा आणि एक तो नसताना. बाकीच्यांना तारीख मोकळी आहे की नाही एवढे पाहता आले, तरी फोनवरचे उत्तर देता येते. त्यांच्याकडे बदलाची विनंती आलीच, तर त्यांनी ती स्वतःच्या ईमेलने लॉगिन करून गूगल फॉर्ममध्ये भरावी. वेळ आपोआप नोंदली जाते, आणि फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करण्याचा 'Verified' पर्याय निवडला, की ईमेलही. पावती क्रमांक, आधी काय होते, आता काय हवे, कोणाच्या सांगण्यावरून आणि का, एवढे प्रश्न त्यात पुरेत. ती उत्तरे जिथे जमा होतात ती शीट बदल करणाऱ्या दोघांच्या हाती देऊ नका, खजिनदारांकडे ठेवा, नाहीतर चूक करणाराच चुकीची नोंद पुसेल. कोणतीही ओळ काढू नका, तिच्यापुढे 'रद्द' लिहा. आणि पावतीवरच्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री केल्याशिवाय ती तारीख दुसऱ्याला देऊ नका.

यात पैसा खर्च होत नाही, एक संध्याकाळ बसावे लागते. लोकांची अनामत मोजून घ्यायला तुम्हाला वेळ मिळतो, तसाच यालाही काढा. तो काढायचा नसेल, तर सभागृहाच्या किल्ल्या ज्यांना काढता येतो त्यांच्या हवाली करा.