एचडीएमआय केबलवर 2.1 छापलंय, तरी 120 ला स्क्रीन काळी का?

"दादा, टीव्ही फोरके 120 हर्ट्झचा आहे, केबलवर 2.1 लिहिलंय. 60 ला नीट चालते, 120 केलं की स्क्रीन काळी होते. टीव्ही बिघडला का?"

टीव्ही बहुतेक ठीक आहे भाऊ. 2.1 हा एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा टीव्ही आणि गेमच्या डब्याचा असतो. केबलची लायकी तिच्या वर्गावरून कळते. प्रीमियम हाय स्पीड सेकंदाला 18 गिगाबिट वाहून नेते आणि फोरके 60 त्यात जेमतेम बसतं. 120 ला चित्रं दुप्पट, म्हणून 32 ते 40 गिगाबिट लागतात. त्यासाठी 48 ची अल्ट्रा हाय स्पीडच हवी.

आमच्या यवतमाळकडच्या गावात मीही तालुक्यातून स्वस्तातली पाच मीटरची आणली होती. आधी चांदण्यांसारखे ठिपके चमकले, मग दोन-दोन सेकंद अंधार. तार बारीक आणि लांब असली की वेगवान सिग्नल वाटेतच विरतो, तारेभोवतीची धातूची जाळी निकृष्ट असली तर बाहेरचा गोंगाटही आत शिरतो. दोन मीटरची अल्ट्रा लावली आणि त्याच टीव्हीवर 120 स्थिर झालं.

घेताना खोक्यावरचं अल्ट्रा हाय स्पीडचं लेबल एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. नुसत्या छापील 2.1 वर पैसे देऊ नका.